छातीचा आवाज, डोक्याचा आवाज आणि मधला सांधा

मुलगी पंचमापर्यंत भरीव आवाजात जाते, धैवताशी आवाज क्षणभर अडखळतो आणि निषादापासून पुढे तोच गळा पातळ व हवेशीर लागू लागतो. पाश्चात्त्य गायनशिक्षणात या अडखळण्याला ‘ब्रेक’ म्हणतात. मराठीत ‘आवाज फुटणे’ हा प्रयोग वयात येणाऱ्या मुलाच्या बदलासाठी आधीच राखीव असल्यामुळे या टिपणात त्या जागेला सांधा म्हटले आहे. सांधा नेमका कशाकशाचा, हे ठरवण्यात युरोपातील शिक्षकांची निदान दोन शतके गेली. त्या वादात तयार झालेले शब्द आज आपल्याकडच्या वर्गांतही बोलले जातात, परंतु त्यांच्यामागचा गोंधळ मात्र फारसा कोणी सांगत नाही.

आवाजाची छाती, कंठ आणि मस्तक अशी तीन स्थाने मानण्याची पद्धत जुनी आहे. तेराव्या शतकात देवगिरीला लिहिल्या गेलेल्या संगीतग्रंथात मंद्र हृदयात, मध्य कंठात आणि तार मस्तकात सांगितला आहे. त्याच शतकात पॅरिसमधील एका धर्मसंघातील लेखकानेही छातीचा, गळ्याचा आणि डोक्याचा असे तीन आवाज नोंदवले. हे साम्य मोहात पाडणारे असले तरी त्यावर फार बांधू नये. देवगिरीच्या ग्रंथातली स्थाने सप्तकांची आहेत, आणि प्रत्येक सप्तक आधीच्याच्या दुप्पट उंच असते एवढाच तिथला मुद्दा आहे. आवाज एका पद्धतीने लागता लागता मध्येच दुसऱ्या पद्धतीने लागू लागतो, हा प्रश्न त्यात आलेला नाही.

तो प्रश्न खऱ्या अर्थाने इटलीत उभा राहिला. १६०२ मध्ये फ्लॉरेन्सच्या एका गायक-रचनाकाराने सल्ला दिला होता की गायकाने आपल्याला झेपेल ती पट्टी घ्यावी, म्हणजे ‘बनावट’ आवाजाचा आधार घ्यावा लागणार नाही. सांध्याच्या वर जाऊच नये, असा त्याचा अर्थ होतो. पुढच्या सव्वाशे वर्षांत रुची बदलली. १७२३ मध्ये बोलोन्यात प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात, स्वतः कास्त्रातो, म्हणजे लहानपणीच खच्चीकरण करून उंच आवाज टिकवलेला गायक असलेल्या लेखकाने उलट आग्रह धरला: भरीव नैसर्गिक आवाज साधारण तार सप्तकाच्या आरंभाशी संपतो, तिथून पुढे बनावट आवाज घ्यावाच लागतो, आणि दोन्ही इतके एक झाले पाहिजेत की जोड ऐकू येऊ नये. ते एक झाले नाहीत तर आवाजाचे सौंदर्यच जाते, असे त्याचे म्हणणे होते. आज ‘रजिस्टर मिसळणे’ म्हणून जे शिकवले जाते, त्याची मागणी इथे पहिल्यांदा एवढ्या स्पष्टपणे आलेली दिसते.

मात्र या लेखकाने छातीचा आवाज, डोक्याचा आवाज आणि फाल्सेट्टो असे तीन शब्द वापरले आणि शेवटच्या दोघांत भेद आहे की नाही हे नीट सांगितले नाही. १७४२ मध्ये लंडनला इंग्रजी भाषांतर निघाले, तेव्हा भाषांतरकाराने तळटीप देऊन तिन्ही वेगळे केले. त्याच्या मते डोक्याचा आवाज छातीपेक्षा गळ्यातून अधिक येतो, आणि फाल्सेट्टो मात्र संपूर्ण गळ्यातला, बनावट आवाज असतो. १७७४ मध्ये व्हिएन्नाला ग्रंथ लिहिणाऱ्या दुसऱ्या एका कास्त्रातो शिक्षकाने आवाज दोनच मानले, छातीचा आणि डोक्याचा. डोक्याच्या आवाजालाच फाल्सेट्टो म्हणतात, असे सांगून त्याने विषय मिटवला. तीन आवाज मानले की सांधे दोन होतात आणि दोन मानले की एक, म्हणजे विद्यार्थ्याने कुठे मेहनत करायची हेच या शब्दांवर ठरत होते.

गोंधळात सर्वांत मोठी भर घातली ती ज्याने शास्त्रशुद्ध व्याख्या केली त्यानेच. पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या एका स्पॅनिश कुटुंबातील शिक्षकाने १८४० च्या दशकात रजिस्टरची व्याख्या दिली: एकाच यंत्रणेने निघणारी, एका जातीच्या लागोपाठ सुरांची मालिका, जी दुसऱ्या यंत्रणेने निघणाऱ्या मालिकेहून मुळातच वेगळी असते. व्याख्या इतकी नेमकी की ती आजही उद्धृत होते. पण तीच लावताना त्याने स्त्रीच्या आवाजात खाली छाती, वर डोके आणि मधल्या सुरांना फॉसे, म्हणजे फाल्सेट्टो, असे नाव दिले. ज्या शब्दाचा अर्थ इतरांसाठी पुरुषाचा वरचा, खोटा आवाज होता, तो त्याच्याकडे स्त्रीचा रोजचा मधला आवाज झाला. पुढे त्याने स्वतःच ‘फाल्सेट्टो’ सोडून ‘मध्यम’ हा शब्द घेतला. तोवर शिष्यांनी जुना शब्द देशोदेशी नेलेला होता. त्यामुळे त्या काळचे पुस्तक ‘मुलीने फाल्सेट्टो पक्का करावा’ असे सांगते, तेव्हा ते फक्त सांध्याच्या लगेच वरच्या सुरांविषयी बोलत असते. हा संदर्भ न ओळखल्यामुळे किती जणांनी त्या पुस्तकांचा विपर्यास केला, याची गणती नाही.

त्याचा एक पलटा मात्र आजही विचार करण्याजोगा आहे. सांध्याभोवतीच्या दोन-तीन सुरांपैकी एकच सूर घ्यायचा, तो आळीपाळीने छातीच्या आणि वरच्या आवाजात लावायचा, श्वास न तोडता आणि मध्ये ‘ह’ न घालता. मध्ये उचकीसारखा झटका बसतो, तो आरंभी लपवायचा नाही. बोलोन्याचा लेखक जोड ऐकूच येऊ देत नव्हता, तर इथे आधी जोड उघडा पाडायचा आणि मग गुळगुळीत करायचा.

याच सुमारास रंगमंचावर दुसराच वारा वाहू लागला होता. १८३७ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात एका टेनरने, म्हणजे उंच पुरुषी आवाजाच्या गायकाने, तोवर डोक्याच्या आवाजात घेतला जाणारा वरचा ‘सी’ छातीच्या आवाजात लावला आणि प्रेक्षक वेडे झाले. जाणकारांना तो आवडला नाही, पण मागणी त्याचीच वाढली. जोरदार आवाज वरवर नेणे हा पराक्रम ठरला आणि हलका आवाज खाली आणण्याची जुनी कसरत मागे पडली. माझ्या मते कोवळ्या गळ्यांचे नुकसान इथून सुरू होते. अर्थात त्या टेनरला त्याबद्दल दोष देणे योग्य नाही. तो मोठ्या माणसांसाठी गात होता.

१८५४ मध्ये वर उल्लेखलेल्या त्याच स्पॅनिश शिक्षकाने दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, सूर्यप्रकाशात, स्वतःचे स्वरतंतू पाहिले. त्यातून आणि विसाव्या शतकातल्या मोजमापांतून एवढे स्पष्ट झाले की आवाज छातीत किंवा डोक्यात तयार होत नाही. तिथे फक्त कंप जाणवतो. खालच्या आवाजात स्वरतंतू जाड राहून पूर्ण जाडीने हलतात आणि प्रत्येक फेरीत जास्त काळ मिटलेले असतात. वरच्या आवाजात ते ताणून पातळ होतात, मुख्यतः कडा हलते आणि मिटलेला काळ कमी होतो. मानेवर दोन पट्ट्या लावून हा मिटण्याचा काळ मोजता येतो. फ्रान्समधील संशोधकांनी तो मोजून या दोन अवस्थांना सरळ ‘पहिली’ आणि ‘दुसरी यंत्रणा’ अशी नावे दिली, त्यामुळे छाती, डोके आणि फाल्सेट्टो या तिन्ही शब्दांची अडचण टळली. त्यांच्या मोजणीत आणखी एक गोष्ट दिसली. ज्याला ‘मिश्र आवाज’ म्हणतात, तो तिसरी यंत्रणा नसतो. गायक दोहोंपैकी एकाच यंत्रणेत असतो आणि तिचा रंग दुसरीसारखा करून घेतो. स्वरतंतू कसलेल्या गायकाचेही उडीच मारतात. ऐकणाऱ्याला ती कळत नाही एवढेच.

हे ध्यानात घेतले की विद्यार्थिनीकडून काय मागायचे ते ठरते. सांधा नाहीसा करायचा नसून त्याच्या दोन्ही बाजूंच्या सुरांचे वजन सारखे करायचे असते. समजा, १४ वर्षांची मुलगी काळी चारमध्ये गाते. तिचा मध्य षड्ज सुमारे २०८ हर्ट्झ, पंचम ३११ आणि शुद्ध धैवत ३४६ च्या आसपास येतो. पहिला सांधा बहुतेक आवाजांत ३०० ते ३५० हर्ट्झच्या टापूत सापडतो, म्हणजे तिच्या बाबतीत बरोबर पंचम आणि धैवत यांच्यामध्ये. बिघाडाची खूण धैवतावर शोधली जाते, पण ती आधी पंचमावर दिसते. तो मध्यमापेक्षा मोठा लागतो, हनुवटी वर उचलली जाते आणि मानेच्या शिरा दिसू लागतात. धैवत घसरतो तो पंचमावर चढवलेल्या वजनामुळे.

म्हणून पहिले काही दिवस खालून वर जायचेच नाही. ‘ऊ’वर, बोलण्यापेक्षाही हळू, तार षड्ज लावायचा आणि मींडेसारखे सलग मध्यमापर्यंत उतरायचे. उतरताना पंचम-मध्यम हवेशीर आणि दुबळे लागतात, त्यांना जोर देण्याची घाई करायची नाही. हलका आवाज सांध्याखाली टिकू लागला की फक्त पंचम घ्यायचा, हलका सुरू करून हळूहळू मोठा करायचा आणि उडी बसणार असे वाटताच त्याच्या अलीकडे थांबून परत लहान करायचा. उडीची जागा दर आठवड्याला थोडी पुढे सरकते. त्यानंतरच षड्जापासून आरोह घ्यायचा, आणि तोही प्रत्येक सुरागणिक वजन काढत. व्हिएन्नाच्या शिक्षकानेही छातीचे वरचे सूर आवरावेत आणि डोक्याचे खालचे सूर बळकट करावेत असेच सांगितले होते. हातभर अंतरावर मोबाइल ठेवून गंधार ते निषाद पलटा ध्वनिमुद्रित केला, तर पंचम धैवतापेक्षा मोठा आहे की नाही ते लगेच ऐकू येते. गाताना तिला स्वतःला ते कळत नाही, कारण पंचमाचा कंप छातीत जाणवतो आणि धैवताचा जाणवत नाही.

यावर आपल्याकडे एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. अनेक ख्यालगायिका खालची पट्टी घेऊन तार षड्जाच्याही पुढे पहिल्याच यंत्रणेत गातात आणि त्यांचा भरदारपणा हीच त्यांची ओळख असते. फरक एवढाच की तो गळा प्रौढ असतो आणि पट्टी त्याला बेतून घेतलेली असते. १४ व्या वर्षी स्वरतंतूंचे थर अजून पक्के होत असतात. त्या मुलीला पुढे तसे गायचे असले, तरी पंचम दोन्ही यंत्रणांत लावता येणे तिला आडवे येत नाही.

मुलाचा आवाज फुटत असेल तर वरचे हिशेब लागू पडत नाहीत, कारण त्याचा सांधा महिन्यागणिक खाली सरकतो आणि काल साधलेला सूर आज सापडत नाही. अशा वेळी त्याला जेवढे चार-पाच सूर सहज लागतात तेवढ्यातच गाऊ द्यावे आणि पट्टी दर काही आठवड्यांनी पुन्हा शोधावी. घोगरेपणा गाणे थांबवूनही दोन-तीन आठवडे राहिला, तर मुलगा असो वा मुलगी, पलटे बंद ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू पाहून घ्यावेत.