फायर एक्झिटसमोर माल ठेवल्याची तक्रार आली तर…
(आमच्या दुकानदार ग्राहकांसाठी)

आग विझवायची यंत्रणा नीट चालू असल्याच्या फॉर्म बी सर्टिफिकेटसाठी आमचा माणूस वर्षातून दोनदाच येतो, जानेवारी आणि जुलैत. दिवाळीचा माल लागतो त्याच्या मधेच, आणि तेव्हा मागच्या दाराचं काय होतं ते फक्त तुमच्या स्टाफला दिसतं. म्हणून कोणी सेफ्टी कमिटीला लेखी दिलं तर चिडू नका, आधी कागद नीट वाचा. (छोट्या दुकानात कमिटी नसतेच, मग तो अर्ज थेट मालकाच्या नावाने येतो, फरक काही नाही.)

नमुन्याला एका कापड दुकानाची कल्पना करा. "मागे नेहमी सामान असतं" एवढंच लिहिलं तर मॅनेजर म्हणणार, कुठे आहे, आत्ता तर नाहीये. त्यापेक्षा असं हवं:

"पहिल्या मजल्यावर साडी सेक्शनच्या मागच्या फायर एक्झिटसमोर सोमवारपासून साड्यांचे खोके रचलेत. जायला हातभरच जागा उरली आहे. दाराला कुलूप आहे, चावी काउंटरच्या ड्रॉवरमधे असते. मंगळवारी सुपरवायझरना तोंडी सांगितलं, आज गुरुवार, खोके तिथेच आहेत. फोटो जोडला आहे. खोके हलवून कुलूप काढावं आणि काय केलं ते लेखी कळवावं."

फोटोत दारावरची एक्झिटची पाटी आणि खोके दोन्ही एकत्र आले पाहिजेत, नुसत्या खोक्यांचा फोटो गोडाऊनचाही असू शकतो ना. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख घालून 'मिळाला' अशी सही घ्यायची, नाहीतर पुढे कागद आलाच नाही म्हणतात.

आता तुमची बाजू. खोके त्याच दिवशी हलतात, तो प्रश्नच नाही, पण आठवड्याने परत येतात कारण टेम्पो आला की उतरवायला दुसरी जागाच नसते, तेव्हा कमिटीने आधी तेच विचारावं की माल उतरणार कुठे. ती जागा ठरली की मग दारापासून जिन्यापर्यंत जमिनीवर पिवळे पट्टे मारा, नुसते पट्टे मारले तर त्यावरच खोके बसतात, बघितलंय आम्ही. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे एक्झिटचं दार किमान एक मीटर रुंद लागतं, आणि त्या मापाला काही अर्थ राहायचा तर पुढची वाटही तेवढीच मोकळी हवी.

कुलूप मात्र जास्त वाईट. खोके निदान ढकलता येतात, पण धुरात लाईट गेल्यावर ड्रॉवरमधली चावी कोण शोधणार? कोडमधेही आतून चावीशिवाय उघडेल असंच दार मागितलंय. चोरीची भीती खरी आहे, मान्य, त्यासाठी पॅनिक बार बसवा, तो आतून ढकलला की उघडतो, बाहेरून उघडत नाही, सोबत दार उघडताच वाजणारा अलार्मही लावता येतो. आणि दाराबाहेर शटर असेल तर दुकान चालू असेपर्यंत ते पूर्ण वर.

अर्ज देणाऱ्याला काय केलं ते दोन ओळीत लेखी कळवा आणि सगळे कागद फाईलला लावून ठेवा, जानेवारीत आमचा माणूस आला की मागेल.