वितरण रोहित्राची वार्षिक वीजहानी : लोड फॅक्टर आणि लॉस फॅक्टर

वितरण रोहित्रात, म्हणजे गावाकडच्या भाषेत डीपीमध्ये, वर्षभरात किती युनिट वाया जातात हे काढण्यासाठी वापरले जाणारे दोन गुणक. लोड फॅक्टर म्हणजे ठरावीक काळातला सरासरी भार भागिले त्याच काळातला कमाल भार. लॉस फॅक्टर म्हणजे त्याच काळातली सरासरी भारहानी भागिले कमाल भाराच्या वेळची भारहानी. वाइंडिंगमधली हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून लॉस फॅक्टर काढताना दर तासाच्या भाराचा आधी वर्ग करायचा आणि मग सरासरी घ्यायची. भार बदलता असताना सरासरी भाराचा वर्ग केला तर उत्तर नेहमी कमी येते, कारण संध्याकाळच्या तीन-चार तासांत झालेली मोठी हानी त्या सरासरीत विरून जाते.

रोहित्रातली हानी दोन प्रकारची असते. गाभ्यातली हानी, म्हणजे कोअर लॉस, भारावर अवलंबून नसते. रोहित्रावर दाब आहे तोवर ती चालूच राहते, मग गावात एकही दिवा लागलेला नसो. वाइंडिंगमधली हानी भारासोबत बदलते. वाइंडिंग ॲल्युमिनियमचे असले तरी तिला सर्रास कॉपर लॉसच म्हणतात. दोन्ही गुणकांचा संबंध फक्त या दुसऱ्या हानीशी आहे. दोन्ही हानी किलोवॅटमध्ये घेऊन वर्षाचा युनिटमधला हिशेब असा मांडतात :

वार्षिक हानी = कोअर लॉस × दाबाखालील तास + पूर्ण भाराचा कॉपर लॉस × (कमाल भार ÷ क्षमता)² × लॉस फॅक्टर × ८७६०

लॉस फॅक्टर अचूक काढायचा तर तासातासाची नोंद लागते. ती नसते तेव्हा लोड फॅक्टरवरून अंदाज बांधतात. १९२८ मध्ये बुलर आणि वुड्रो यांनी मांडलेल्या पद्धतीचे सर्वाधिक प्रचलित रूप असे :

लॉस फॅक्टर = ०.३ × लोड फॅक्टर + ०.७ × (लोड फॅक्टर)²

काही ठिकाणी ०.२ आणि ०.८, तर वितरण रोहित्रांसाठी ०.१५ आणि ०.८५ असे सहगुणक घेतात. या आकड्यांमागे निसर्गनियम नाही. प्रत्यक्ष भारवक्रांवरून बसवलेले ते सहगुणक आहेत. नियम आहे तो एवढाच की लॉस फॅक्टर लोड फॅक्टरपेक्षा मोठा आणि लोड फॅक्टरच्या वर्गापेक्षा लहान असू शकत नाही. कमाल भार क्षणभरच येऊन बाकी वेळ भार सपाट राहिला, तर तो खालच्या मर्यादेजवळ जातो. भार एक तर पूर्ण किंवा शून्य असाच असेल, तर तो थेट लोड फॅक्टरइतका होतो. हिशेबातला आकडा या दोन मर्यादांबाहेर गेला, तर नोंदीत किंवा आकडेमोडीत चूक आहे हे नक्की समजावे.

सूत्र कुठे चालते आणि कुठे फसते हे महाराष्ट्रातल्या खेड्यात चांगले दिसते, कारण तिथे बऱ्याच ठिकाणी गावठाण आणि कृषिपंप यांचे फीडर वेगळे केलेले आहेत. उदाहरण म्हणून १०० केव्हीएची दोन सारखी, जुन्या धाटणीची रोहित्रे घेऊ. प्रत्येकाचा कोअर लॉस २६० वॅट आणि पूर्ण भाराचा कॉपर लॉस १७६० वॅट. दोघांवरचा कमाल भार ८० केव्हीए, म्हणून कमाल भाराच्या वेळचा कॉपर लॉस १७६० × ०.६४, म्हणजे सुमारे ११२६ वॅट.

गावठाणाच्या रोहित्रावर संध्याकाळी तीन तास ८० केव्हीए, सकाळी पाच तास ३२ आणि उरलेले सोळा तास १५ केव्हीए भार आहे असे धरू. दिवसाची सरासरी २६.७ केव्हीए येते आणि लोड फॅक्टर ०.३३. तासवार वर्ग करून लॉस फॅक्टर ०.१८२ निघतो. ०.३ आणि ०.७ चे सूत्र ०.१७८ देते. इथे सूत्रावर विसंबायला हरकत नाही. वर्षभर रोज असाच भार राहिला, तर कॉपर लॉस सुमारे १,७९४ युनिट आणि कोअर लॉस २,२७८ युनिट, एकूण ४,०७२ युनिटच्या आसपास.

कृषिपंपांच्या रोहित्राला दिवसातून आठ तास वीज मिळते. वीज आली की मोटारी एकदम सुरू होतात आणि आठही तास भार ८० केव्हीए राहतो, असे मानू. लोड फॅक्टर इथेही ०.३३ आहे. पण भार पूर्ण किंवा शून्य असल्यामुळे लॉस फॅक्टरही ०.३३ आहे, सूत्राने आलेल्या ०.१७८ च्या जवळजवळ दुप्पट. खरा कॉपर लॉस ३,२८९ युनिट होतो. सूत्र १,७५४ युनिटच दाखवते. दुसरीकडे फीडर बंद असताना रोहित्रावर दाबच नसतो, त्यामुळे कोअर लॉस ८७६० नव्हे, २९२० तासांचाच धरायला हवा. तो ७५९ युनिट होतो.

आता बेरीज पाहा. खरी एकूण हानी ४,०४८ युनिट. सूत्र डोळे झाकून वापरले आणि कोअर लॉस पूर्ण वर्षाचा धरला, तर उत्तर येते ४,०३२. दोन मोठ्या चुकांनी एकमेकींना झाकले आणि अंदाज अचूक वाटू लागला. मला या विषयातली सर्वांत घातक गोष्ट हीच वाटते, कारण पुढचा निर्णय एकूण बेरजेवर नाही, तिच्या दोन भागांवर घेतला जातो. या कागदावर विश्वास ठेवून कोणी कमी कोअर लॉस असलेले अमॉर्फस गाभ्याचे रोहित्र बसवले, तर अपेक्षित बचतीचा तिसरा हिस्साच हाती येईल. तिथे गरज असते कमी कॉपर लॉसच्या रोहित्राची, किंवा मोटारींना कपॅसिटर बसवून केव्हीए उतरवण्याची.

शेतीच्या भारात आणखी एक खाच आहे. पावसाळ्यात मोटारी बंद असतात. वर्षातून २०० दिवसच पंप चालले, तर वार्षिक लोड फॅक्टर आणि लॉस फॅक्टर दोन्ही ०.१८ वर येतात आणि कॉपर लॉस १,८०२ युनिट होतो. उन्हाळ्यातल्या एका दिवसाची नोंद घेऊन तिला ३६५ ने गुणणे म्हणूनच चुकीचे. कमाल भार आणि सरासरी दोन्ही संपूर्ण वर्षाच्याच हव्यात. भारही केव्हीएमध्ये किंवा अँपिअरमध्ये मोजायला हवा. पॉवर फॅक्टर खाली गेला की तेवढ्याच किलोवॅटला जास्त प्रवाह लागतो आणि वाइंडिंग तापते ते प्रवाहानेच.

एक गोष्ट हे दोन्ही गुणक दाखवत नाहीत : तीन फेजमधला असमतोल. गावठाणात बहुतेक जोडण्या सिंगल फेजच्या असतात. सरासरीच्या तुलनेत एका फेजवर दीडपट, दुसऱ्यावर सरासरीइतकाच आणि तिसऱ्यावर सरासरीच्या निम्मा प्रवाह असेल, तर वर्गांची सरासरी १.१७ येते, म्हणजे कॉपर लॉस ढोबळमानाने १७ टक्क्यांनी वाढतो. एकूण केव्हीएची नोंद मात्र हे कळू देत नाही. त्यासाठी प्रत्येक फेजचा प्रवाह वेगळा पाहावा लागतो.

रोहित्रावर भाराची नोंद साठवणारा मीटर असेल तर सूत्राची गरजच उरत नाही. अर्ध्या तासाच्या नोंदींचा वर्षभराचा तक्ता घ्यावा, प्रत्येक आकड्याचा वर्ग करावा, सरासरी काढावी आणि कमाल आकड्याच्या वर्गाने भागावे. कोअर लॉससाठी त्याच तक्त्यातून दाब असलेले तास मोजता येतात. वीज नसतानाच्या नोंदी मात्र शून्य म्हणून धरलेल्या आहेत की तक्त्यातून गाळल्या आहेत, हे आधी तपासावे. त्या गाळल्या असतील तर कृषिपंपांच्या वरच्या उदाहरणात लोड फॅक्टर आणि लॉस फॅक्टर दोन्ही १ येतील, आणि मग सूत्रात ८७६० च्या जागी २९२० तास घ्यावे लागतील.