सोडतीतला ‘सबस्क्राइबर’ नेमका कोण?

सबस्क्राइबरांसाठी गिव्हअवे ही गोष्ट नवी वाटते, पण तिचे दोन मुख्य नियम यूट्यूबपेक्षा जुने आहेत. परवानगीशिवाय लॉटरीचं कार्यालय चालवणं १८७० पासून दंडसंहितेत गुन्हा ठरलं. म्हणून भाग घेणं फुकटच हवं. पुढे २००२ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्यात दुसरी गोष्ट आली: बक्षीस योजना संपल्यावर अंतिम निकाल सहभागींपासून दडवणं ही अनुचित व्यापारी प्रथा.

मग समाजमाध्यमं आली. फेसबुकने ऑगस्ट २०१३ मध्ये पेजवरच स्पर्धा घ्यायची मुभा दिली, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘आधी पेज लाइक करा, मग बक्षीस’ ही अट बंद केली. यूट्यूबच्या स्पर्धा धोरणातही सबस्क्राइबर, लाइक, व्ह्यूज यांचे आकडे कृत्रिमपणे फुगवायला मनाई आहे.

खरा गुंता इथेच आहे. ‘सबस्क्राइब केलेल्यांनाच बक्षीस’ ही अट कुणाला निष्ठेचा मान वाटते, कुणाला आकडे फुगवण्याची युक्ती. माझ्या मते ती मुळातच अन्यायाची आहे, कारण ती तपासता येत नाही. यूट्यूबवर आपली सबस्क्रिप्शनं मूळ सेटिंगमध्ये खासगी असतात. ज्यांनी ती उघडी ठेवली तेवढेच चॅनेलवाल्याला दिसतात. म्हणजे जुना, मनापासून बघणारा प्रेक्षक ‘नाव दिसत नाही’ म्हणून बाद होतो आणि बक्षिसापुरता आलेला राहतो.

इंदूरमधलं एखादं मराठी पाककृतींचं चॅनेल घ्या. होळीआधी तीन पुरणयंत्रं द्यायची आहेत, राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारातून आणलेली. अट एवढीच ठेवावी: ठरलेल्या व्हिडिओखाली रविवारी रात्री आठच्या आत एक कमेंट, एका खात्याची एकच नोंद. नियम व्हिडिओच्या वर्णनात लिहावेत, यूट्यूब प्रायोजक नाही हेही सांगावं. समजा ४१२ कमेंट आल्या आणि २३ दुबार निघाल्या, तर उरलेल्या ३८९ ना वेळेच्या क्रमाने आकडे द्यावेत, ती यादी आधी दाखवावी आणि लाइव्हमध्ये चिठ्ठ्या काढाव्यात. विजेत्याने किती दिवसांत उत्तर द्यायचं आणि न दिल्यास पुढची चिठ्ठी, हे सोडतीआधीच लिहिलेलं हवं. निकालानंतर लगेच चॅनेलचंच नाव-चित्र लावलेली खोटी खाती ‘तुम्ही जिंकलात, कुरिअरचे पैसे पाठवा’ असं लिहू लागतात. म्हणून पैसे कधीच मागणार नाही, ही ओळ पहिल्याच दिवशी टाकावी.

पुरणयंत्राऐवजी ३०,००० रुपयांचा फोन ठेवला तर? सोडतीतलं बक्षीस १०,००० रुपयांच्या वर गेलं की देणाऱ्याने ३० टक्के कर आधीच कापायचा असतो. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर तो भरला गेल्याची खात्री करूनच ती द्यायची असते. इथे तो कर ९,००० रुपये. जिंकलेल्या काकूंना फोन घेण्याआधी तेवढी रक्कम उभी करावी लागेल, नाहीतर चॅनेलने ती स्वतःच्या खिशातून भरावी.