पंचविसाव्या वाढदिवसाच्या कार्डातला मजकूर: चिमटा, माया आणि आठवणी कुठून आल्या

लग्नाच्या २५ व्या वाढदिवसाला जोडप्याला कार्ड द्यायचं, त्यात थोडी गंमत, थोडी माया आणि दोनचार जुन्या आठवणी लिहायच्या, हे आता इतकं सवयीचं झालंय की हे सगळं पहिल्यापासून एकत्रच असेल असं वाटतं. पण तसं नाहीये. पंचविसाव्याशी जोडलेली चांदी एकीकडून आली, थट्टा दुसरीकडून, आठवणी सांगायची पद्धत तिसरीकडून, आणि कार्ड नावाची वस्तू तर अजून चौथ्याच कारणाने जन्माला आली. आणि गंमत म्हणजे कार्ड छापायला लागले तेव्हा त्यातल्या आठवणीच आधी गळाल्या, त्या परत आल्या त्या लोकांनी पेन हातात घेतलं म्हणून. मला सांगायचंय ते हेच, कारण हे एकदा कळलं की काय लिहावं आणि काय लिहू नये हे बरंचसं आपोआप सुटतं.

चांदीपासून सुरू करू. जर्मन भाषा बोलणाऱ्या प्रदेशात नवरीच्या डोक्यावर मर्टल नावाच्या सदाहरित झुडपाच्या डहाळ्यांचं कडं घालायची पद्धत होती. लग्नाला २५ वर्षं झाली की तसंच कडं चांदीचं आणि ५० झाली की सोन्याचं. म्हणजे ही भेट मुळात लग्नाच्या दिवसाचीच आठवण होती, तेच कडं पुन्हा डोक्यावर, फक्त यावेळी न सुकणारं. एकोणिसाव्या शतकात ही पद्धत इंग्लंडमध्येही रुळली. १० मार्च १८८८ ला युवराज एडवर्ड आणि अलेक्झांड्रा यांच्या लग्नाला २५ वर्षं झाली, पण आदल्याच दिवशी जर्मन सम्राट पहिला विल्हेल्म वारला आणि समारंभ आवरता घ्यावा लागला. पुढे दागिनेवाल्या व्यापाऱ्यांनी दर वर्षाला एकेक वस्तू जोडून लांबलचक याद्या केल्या, त्यात मी फार शिरत नाही, कारण मजकुराशी त्यांचा तसा संबंध नाही.

थट्टेचा धागा मात्र बघण्यासारखा आहे आणि तो चांदीपासून लांब, अमेरिकेत सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला पत्र्याचा वाढदिवस म्हणायचे. पत्रा स्वस्त, वाकवायला सोपा, त्यामुळे मित्रमंडळी पत्र्याच्या कारागिराकडून मुद्दाम बिनकामाच्या वस्तू करून घ्यायची, पत्र्याची उंच टोपी, पत्र्याची बायकी बॉनेट, पत्र्याच्या चपला, पत्र्याचा पंखा. त्यातल्या काही वस्तू आज संग्रहालयांत ठेवलेल्या आहेत. दहा वर्षं झालेलं जोडपं अजून तरुण असतं, त्याची खेचायला कुणाला संकोच नाही, आणि नवऱ्याला पत्र्याची टोपी घालून सगळ्यांसमोर उभं केलं की अर्धा समारंभ तिथेच झाला. चांदीच्या बाबतीत हे शक्य नव्हतं, चांदी महाग, तिची कोण कशाला थट्टेची टोपी करेल. त्यामुळे बराच काळ दहावा वाढदिवस हसायचा आणि पंचविसावा गंभीर अशी वाटणीच होती.

मग पंचविसाव्याला हसणं आणि भरून येणं एकत्र कुठे आलं? मला याचा सगळ्यात सुंदर नमुना डेन्मार्कमध्ये दिसतो. तिथे पंचविसाव्या वाढदिवसाला शेजारी आणि नातेवाईक दारावर हिरव्या पानांची कमान बांधतात, सकाळी लवकर येऊन जोडप्याला गाणी म्हणून उठवतात, आणि मग जेवणाच्या टेबलावर एक खास गाणं म्हटलं जातं जे त्या एकाच दिवसासाठी लिहिलेलं असतं. चाल सगळ्यांना पाठ असलेल्या एखाद्या गाण्याची, शब्द नवे, मित्रांनी किंवा मुलांनी रचलेले, आणि त्याच्या छापील प्रती प्रत्येकाच्या हातात. एकेका कडव्यात त्या दोघांचं आयुष्य येतं, कुठे भेटले, पहिलं घर कसलं होतं, कोण काय हरवतं, कोण कशावरून भांडतं, आणि हे सगळं ते दोघं समोर बसलेले असताना. जर्मनीत याचाच भाऊ शोभेल असा प्रकार म्हणजे समारंभासाठी घरच्यांनी काढलेलं गमतीचं वर्तमानपत्र, खोट्या बातम्या, खोट्या जाहिराती, पण आतले किस्से खरे.

या गाण्यात चिमटा बोचत नाही याची कारणं साधी आहेत. लिहिणारा तिथेच हजर असतो, त्यामुळे जे तोंडावर म्हणता येणार नाही ते तो लिहीतच नाही. ऐकणारे सगळे त्या दोघांना ओळखतात, त्यामुळे किस्सा समजावून सांगावा लागत नाही, नुसता उल्लेख केला की टेबलभर हसू. आणि गाणं दोघांचं असतं, त्यामुळे एका कडव्यात नवऱ्याची खेचली की पुढच्यात बायकोची येतेच.

आता कार्डाकडे येऊ. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एक पेनीत देशभर पत्र जायची सोय झाली आणि पैसे घेणाऱ्याऐवजी पाठवणाऱ्याने आधीच भरायची पद्धत रुळली. लोक धडाधड पत्रं लिहायला लागले आणि उत्तरं देणं हे एक काम होऊन बसलं. हेन्री कोल हा त्या टपाल सुधारणेतच काम केलेला माणूस, त्याने १८४३ मध्ये चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्सलीकडून नाताळचं एक कार्ड काढून घेतलं आणि छापलं. शुभेच्छा छापील, चित्र छापील, आणि हाताने भरायला फक्त दोन जागा, वर कोणाला आणि खाली कोणाकडून. हे कार्ड पत्रं लिहायचा वेळ वाचवायलाच केलेलं होतं, त्यामुळे पत्रातला जो माणसागणिक वेगळा भाग असतो तोच पहिल्या कार्डात दोन नावांपुरता उरला.

याचा परिणाम विनोदावर फार झाला. एक मजकूर हजारो जोडप्यांना विकायचा तर त्यात कुणाचाच खरा किस्सा येऊ शकत नाही, मग विनोद होतो तो "नवरे असेच असतात" आणि "बायका अशाच असतात" असा. एकोणिसाव्या शतकात प्रेमाच्या कार्डांच्या जोडीला टोमणे मारणारी स्वस्त कार्डंही निघाली, ती बहुतेक निनावी पाठवायचे, आणि ती वाचून लोक खरोखर दुखावले जायचे. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत लांबट, अरुंद, खट्याळ कार्डांची लाट आली, बाहेर एक वाक्य, उघडलं की आत टोला. त्यांनी कार्डाला हसायला शिकवलं हे खरं, पण टोला कुणालाही लागू पडेल असाच. "२५ वर्षं सहन केलंस, तुला मेडल" हा मजकूर आजही त्याच जातीचा आहे, तो कुठल्याही जोडप्याला चालतो आणि म्हणून कुठल्याच जोडप्याचा नसतो. शिवाय त्यात बायको बिचारी आणि नवरा गुन्हेगार हे आधीच ठरलेलं, आणि घरात खरंच काही सोसलेलं असेल तर तो विनोद त्या घरात फार वाईट ऐकू येतो.

म्हणून आता जे लोक छापील ओळीच्या समोरच्या कोऱ्या पानावर स्वतः लिहितात, ते माझ्या मते त्या टेबलावरच्या गाण्याकडेच परत गेलेत, कुणाला डेन्मार्कचं माहीत असो नसो. एक नमुना घेऊ. समजा धाकटा भाऊ लिहितोय.

"दादा, वहिनी,
तुमच्या पहिल्या घराच्या जिन्यात सोफा अडकला होता, आठवतंय? दादा वरून ओरडतोय डावीकडे घ्या, वहिनी खालून विचारतेय तुझं डावं की माझं, आणि मी मधे, सोफ्याखाली. शेवटी सोफ्याचे पाय कापायचं ठरलं, करवत दादाने आणली, कापले वहिनीने, आणि ते सारखे कापले गेले नाहीत म्हणून तो सोफा अजून खिडकीकडे कललेला आहे. त्याच्यावर मी परीक्षेचा अभ्यास केला, त्याला धरून तुमची लेक पहिल्यांदा उभी राहिली, आणि बाबा गेले त्या रात्री आपण तिघं त्याच्यावरच बसून होतो. तुमचं डावं-उजवं अजून ठरलेलं नाही हे परवा गाडी लावताना कळलं. ठरवूही नका. पुढच्या २५ साठी मी परत सोफ्याखाली यायला तयार आहे."

यात आठवण एकच आहे. २५ वर्षांतल्या दहा गोष्टींची यादी केली असती तर एकही डोळ्यासमोर उभी राहिली नसती, इथे एका सोफ्यावर बाकीची वर्षं येऊन बसतात. चूक दोघांची आहे, एकाने सांगितलेलं दुसऱ्याला कळलं नाही आणि दुसऱ्याने कापलेलं वाकडं झालं, कुणी एक हरत नाही. आणि लिहिणारा स्वतः सोफ्याखाली आहे, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण बाहेर उभं राहून जोडप्याकडे बोट दाखवणं आणि त्यांच्यात सामील होऊन हसणं यातला फरक तिथेच पडतो. बाबांचं वाक्य मधे ठेवलंय. ते शेवटी आलं असतं तर कार्ड सगळं त्याच्या वजनाखाली गेलं असतं, मधे आलं की क्षणभर थांबून वाचणारा पुन्हा हसण्याकडे वळू शकतो.

काय गाळलंय तेही बघा. दादाचं टक्कल नाही, वहिनीचं वजन नाही, पैशाची ओढाताण नाही, लग्नाआधी कुणाचं कोण होतं हे तर नाहीच. कार्ड बहुतेक वेळा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जातं आणि नंतर मुलांच्या हातात पडतं. त्यामुळे किस्सा निवडताना एकच तपासायचं, ते दोघं स्वतः पाहुण्यांना हा किस्सा हसत सांगतात का. दोघांपैकी एकच सांगत असेल आणि दुसरा तेव्हा गप्प होत असेल तर तो सोडून द्यायचा, कितीही भारी असला तरी.

लांबीचं म्हणाल तर साध्या घडीच्या कार्डाच्या आतल्या एका पानावर सुटसुटीत अक्षरात शंभरएक शब्द बसतात, त्यामुळे आधी साध्या कागदावर लिहून एकदा मोठ्याने वाचा, जिथे आपल्यालाच समजावून सांगावंसं वाटतं तिथलं वाक्य काढा. आणि चांदीचा प्रसंग म्हणून चांदीच्या शाईचं पेन घेणार असाल तर कार्ड गडद रंगाचं घ्या, पांढऱ्या कागदावर ती शाई उजेड तिरका पडला की दिसतच नाही आणि पन्नाशीच्या आसपासच्या दोघांना ती वाचायला चष्मा पुढेमागे करत बसावं लागतं. पांढऱ्यावर साधं काळं किंवा निळं बॉलपेन बरं, चकचकीत कागद असेल तर जेलपेनची शाई पसरते.