कॅलेंडर जोडताना लाल त्रिकोण दिसला तर
(अपॉइंटमेंट ॲप वापरणाऱ्या दवाखान्यांसाठी माहितीपत्रक)

गेल्या महिन्यापासून आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन फोन येतायत. ॲपमध्ये “गूगल कॅलेंडर जोडा” हे बटण दाबलं की लाल त्रिकोण येतो आणि खाली लिहिलेलं असतं: Google hasn't verified this app. एका डॉक्टरांच्या रिसेप्शनवरच्या ताईंनी तर व्हायरस आला म्हणून कॉम्प्युटरच बंद केला. त्यांचं काही चुकलं नाही. अनोळखी इशारा दिसल्यावर थांबणं बरोबरच आहे. तो इशारा नेमकं काय सांगतो आणि आमच्याकडून काय व्हायचं राहिलंय, ते इथे लिहितोय.

आधी एक फरक लक्षात घ्या. तुम्ही रोज “गूगलने साइन इन” करता तेव्हा गूगल आम्हाला फक्त तुमचं नाव, ईमेल आणि फोटो कळवतं. पासवर्ड आमच्याकडे कधीच येत नाही. एवढ्यासाठी लाल त्रिकोण येत नाही. कॅलेंडर जोडताना मात्र आम्ही तुमच्या खात्यातल्या नोंदी वाचायची आणि बदलायची परवानगी मागतो. गूगलच्या भाषेत ही “संवेदनशील” परवानगी. ती मागणाऱ्या ॲपची गूगलकडून तपासणी व्हावी लागते आणि ती पूर्ण होईपर्यंत प्रत्येक नव्या माणसाला हा इशारा दिसतो. म्हणजे “हे ॲप वाईट आहे” असं गूगल म्हणत नाही. “आम्ही हे तपासलेलं नाही” एवढंच म्हणतं. पण “चांगलं आहे” असंही म्हणत नाही, हेही तितकंच खरं.

ही पद्धत आली त्यामागे एक प्रकरण आहे. मे 2017 मध्ये लोकांना ओळखीच्या माणसांकडून ईमेल आले: तुमच्यासोबत एक डॉक्युमेंट शेअर केलंय. लिंक दाबली की गूगलचंच खरं परवानगीचं पान उघडायचं आणि परवानगी मागणाऱ्या ॲपचं नाव असायचं Google Docs. ते नाव कुणीतरी तिसऱ्यानेच आपल्या ॲपला दिलेलं होतं. “Allow” दाबलं की त्या ॲपला तुमचा मेल आणि संपर्क मिळायचे आणि तोच ईमेल तुमच्या नावाने पुढे जायचा. गूगलने ते तासाभरात बंद पाडलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये न तपासलेल्या ॲपसाठी इशाऱ्याचं पान आणलं. म्हणून वरचा पत्ता accounts.google.com आहे ना, एवढंच पाहून भागत नाही. त्या दिवशीही पत्ता खराच होता.

मग पाहायचं काय? इशाऱ्याच्या मजकुरात डेव्हलपरचा ईमेल दिसतो. तो तुमच्या आमच्याकडच्या बिलावर असलेल्या ईमेलशी जुळतो का, हे पहिलं. आणि तुम्ही स्वतः आमच्या ॲपमध्ये बटण दाबून इथवर आलात का, हे दुसरं. व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर आलेल्या लिंकवरून हे पान उघडलं असेल, तर ते आमच्या नावाने असलं तरी Back to safety दाबा. आम्ही अशी लिंक कुणालाही पाठवत नाही. दोन्ही गोष्टी जुळल्या, तर Advanced दाबल्यावर खाली Go to ने सुरू होणारी आणि (unsafe) ने संपणारी ओळ येते. त्यावरून पुढे परवानगीचं पान उघडतं.

ते पान मात्र नीट वाचा, कारण खरा निर्णय तिथे घ्यायचा असतो. आमच्या जुन्या आवृत्तीत तिथे दोन मोठ्या मागण्या होत्या: तुमची सगळी कॅलेंडरं बघणं, बदलणं, शेअर करणं, कायमची पुसणं, आणि ड्राइव्हमधल्या सगळ्या फाइल्स. एवढं आम्हाला लागत नव्हतं. सुरुवातीला घाईत सगळ्यात मोठी परवानगी घेऊन मोकळे झालो होतो. आता मागण्या अशा आहेत:

```
https://www.googleapis.com/auth/calendar.events
https://www.googleapis.com/auth/drive.file
```

पहिलीमुळे फक्त कॅलेंडरमधल्या नोंदी हाताळता येतात. कॅलेंडर शेअर करणं किंवा आख्खं कॅलेंडर पुसणं जमत नाही. दुसरीमुळे आमच्या ॲपने तयार केलेल्या किंवा तुम्ही ॲपमधून निवडून दिलेल्या फाइल्सच आम्हाला दिसतात, बाकीचा ड्राइव्ह नाही. यात आमचाही फायदा आहे. पूर्ण ड्राइव्हची परवानगी “प्रतिबंधित” वर्गात मोडते आणि तिच्यासाठी दरवर्षी बाहेरच्या संस्थेकडून सुरक्षा तपासणी करून घ्यावी लागू शकते. चार माणसांच्या आमच्या ऑफिसला तो खर्च झेपला नसता. त्या पानावर प्रत्येक मागणीपुढे चौकोन असतो. कॅलेंडरच्या चौकोनात खूण केली नाही, तर जोडणी झाल्यासारखी दिसते, पण अपॉइंटमेंट कॅलेंडरमध्ये उमटत नाहीत. “जोडलंय पण चालत नाही” अशा बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं.

आता आमच्या बाजूचं. गूगलकडे अर्ज करताना वेबसाइटचं डोमेन आपल्याच मालकीचं आहे हे गूगलच्या सर्च कन्सोल या साधनातून सिद्ध करावं लागतं. ते झालं. मुखपृष्ठ लॉगिन न करता उघडलं पाहिजे आणि त्यावर गोपनीयता धोरणाची लिंक हवी. आमचं धोरण आम्ही गूगल डॉकमध्ये ठेवलं होतं. ते चाललं नाही, कारण ते पान आमच्या डोमेनवर नव्हतं. आता ते आमच्याच साइटवर आहे. कॅलेंडरमधला कोणता डेटा घेतो, कशासाठी घेतो, किती दिवस ठेवतो आणि जाहिरातीसाठी कुणालाही देत नाही, हे त्यात लिहिलंय. प्रत्येक परवानगी का लागते आणि त्याहून लहान परवानगीने का भागत नाही, याचं लेखी कारणही दिलंय.

अडलंय ते व्हिडिओपाशी. साइन इनपासून कॅलेंडरमध्ये नोंद पडेपर्यंतचा सगळा प्रवास चित्रित करून यूट्यूबवर टाकायचा असतो. आमचा पहिला व्हिडिओ परत आला. आमच्या खात्याची भाषा मराठी असल्यामुळे परवानगीचं पान मराठीत दिसत होतं, आणि ते इंग्रजीत दिसायला हवं. शिवाय ॲड्रेस बारमधला आमच्या ॲपचा क्लायंट आयडी, म्हणजे गूगल ज्यावरून ॲप ओळखतं तो क्रमांक, कापला गेला होता. दुसरा व्हिडिओ पाठवलाय, उत्तराची वाट पाहतोय. तारीख आमच्या हातात नाही, म्हणून सांगत नाही.

तोपर्यंत एक मर्यादा आहे. न तपासलेल्या ॲपला अशी परवानगी एकूण 100 खातीच देऊ शकतात. एखाद्याने जोडणी काढून टाकली तरी ती जागा परत मिळत नाही. त्यामुळे एकाच दवाखान्यातली तीन-चार खाती जोडू नका. ज्या खात्यात रोजचं वेळापत्रक आहे तेवढंच जोडा. दवाखान्याचं खातं हॉस्पिटलच्या किंवा ट्रस्टच्या गूगल वर्कस्पेसमधलं असेल, तर admin_policy_enforced असं लिहून रस्ता पूर्ण बंद होऊ शकतो. ते तुमच्या ॲडमिनने लावलेलं कुलूप आहे, तिथे आम्ही काही करू शकत नाही.

इशारा पाहून मन कचरत असेल तर जोडू नका. कॅलेंडरशिवायही अपॉइंटमेंट, रुग्णांची यादी, बिलं सगळं चालतं. आधी जोडलं असेल आणि काढायचं असेल, तर myaccount.google.com/connections वर जाऊन आमच्या ॲपचं नाव निवडा आणि परवानगी काढून घ्या. आमचा प्रवेश तिथेच संपतो. कॅलेंडरमध्ये आधी पडलेल्या नोंदी मात्र तशाच राहतात, त्या हाताने पुसाव्या लागतील.

ज्यांनी चाचणीच्या काळात जोडलं होतं त्यांना दर सात दिवसांनी पुन्हा साइन इन करावं लागायचं. चाचणीतल्या ॲपची परवानगी तेवढेच दिवस टिकते. आता ॲप चाचणीतून बाहेर काढलंय, म्हणून अशांनी एकदाच नव्याने जोडावं. तपासणी पूर्ण झाली की लाल त्रिकोण जाईल, पण चौकोनांचं पान तेव्हाही येईल. पुढे आम्ही नवी संवेदनशील परवानगी मागायचं ठरवलं, तर आधी तपासणी करून घेऊ आणि मगच ते बटण तुमच्या ॲपमध्ये दिसेल.