नाडी ६० ते १०० मध्ये आहे, म्हणजे नेमके काय?

आपल्या ऐरोलीच्या समाजमंदिरातील आरोग्य शिबिरात मी रक्तदाब आणि नाडी तपासण्याच्या टेबलावर होते. केसपेपरवर नाडीचा आकडा लिहिला, की समोरून बहुतेक वेळा एकच प्रश्न येत असे: "सिस्टर, नॉर्मल आहे ना?" रांगेतल्या माणसाला त्याचे उत्तर "हो" किंवा "नाही" एवढ्यात देणे सोपे असते, पण ते पुरेसे नसते. म्हणून तेच उत्तर येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रौढ माणसाची विश्रांतीच्या वेळची नाडी मिनिटाला ६० ते १०० ठोके असावी, असे आम्हाला नर्सिंगच्या पहिल्या वर्षी शिकवतात आणि ते बरोबरच आहे. लहान मुलांची नाडी याहून जलद असते. नवजात बाळाची १०० ते १६० असू शकते आणि शाळेत जाणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाची ११० भरली, तरी केवळ तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नसते. मात्र ही मर्यादा असंख्य निरोगी माणसांच्या नाड्या एकत्र पाहून ठरवलेली आहे, तुमच्या एकट्याच्या हृदयाकडे पाहून नव्हे. निरोगी माणसाची स्वतःची नाडी या चाळीस ठोक्यांच्या पट्ट्यात कुठेही भटकत नाही. ती बहुधा एका ठरावीक आकड्याच्या आसपास, पाच-दहा ठोके इकडेतिकडे राहते. माझ्या दृष्टीने त्या पट्ट्यापेक्षा हा स्वतःचा आकडा माहीत असणे अधिक मोलाचे आहे.

तो आकडा कसा ठरतो, हे थोडक्यात पाहू. विश्रांतीत असताना हृदय प्रत्येक ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर ढकलते, म्हणजे सत्तर-बहात्तर ठोक्यांत सुमारे पाच लिटर. ठोका सुरू करणारी पेशींची एक लहानशी गाठ हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात असते, तिला सायनस नोड म्हणतात. तिला पूर्णपणे तिच्या मनाप्रमाणे चालू दिले, तर ती मिनिटाला १०० च्या आसपास ठोके देईल. मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची नस तिच्यावर सतत ब्रेक दाबून ठेवते, म्हणून आपण शांत बसलेले असताना नाडी सत्तरीत राहते. आपण जिना चढलो, घाबरलो किंवा ताप आला, की हा ब्रेक सैल होतो, शरीर वेग वाढवणारी रसायने सोडते आणि नाडी वर जाते.

म्हणूनच "विश्रांती" ही अट फार महत्त्वाची आहे. शिबिरात एक काका रिक्षा न मिळाल्याने स्टेशनपासून उन्हात चालत आले आणि थेट खुर्चीत बसले. त्यांची नाडी १०८ भरली. त्यांना भिंतीला पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसायला सांगितले. पाच मिनिटांनी ९२ आणि दहा मिनिटांनी ८४ भरली. पुढे आणखी पाच मिनिटे थांबूनही ती ८४ च राहिली, तेव्हा तो आकडा केसपेपरवर लिहिला. १०८ हा आकडा खोटा नव्हता, पण तो चालण्याचा होता, विश्रांतीचा नव्हता. चहा, कॉफी, तंबाखू किंवा सिगारेट घेतली असेल, तर निदान अर्धा तास जाऊ द्यावा. घरी मोजायची असेल, तर सकाळी जाग आल्यावर अंथरुणातून उठण्यापूर्वीची वेळ सर्वांत चांगली.

मोजताना तर्जनी आणि मधले बोट मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी ठेवावे आणि हलकेच दाबावे. फार जोरात दाबल्यास नाडी हाताला लागेनाशी होते. मोजण्यासाठी स्वतःचा अंगठा वापरू नये, कारण अंगठ्यातील ठोका जाणवतो आणि दोन्हींची गल्लत होते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय अनेकांना असते, पण त्यात एक ठोका चुकला, तर उत्तर चारने चुकते. पूर्ण साठ सेकंद मोजावे, हेच मी सांगेन. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर दोन आकडे दिसतात आणि त्यांची अदलाबदल फार होते. SpO2 च्या शेजारचा ९८ हा रक्तातील ऑक्सिजनचा टक्का असतो, तर PR किंवा bpm च्या शेजारी दिसते ती नाडी. "माझी नाडी ९८ झाली" म्हणून काळजीत पडलेल्या एका ताईंची नाडी प्रत्यक्षात ७६ होती.

आता ज्या प्रकरणामुळे हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. सिडकोच्या बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या चाळिशीतल्या एक वहिनी तपासणीला आल्या. दहा मिनिटे बसल्यानंतरही त्यांची नाडी ९६ होती. रक्तदाब ठीक होता, ताप नव्हता, चहा सकाळीच झाला होता. आकडा शंभराच्या आत असल्याने कुणीही "नॉर्मल" असे लिहिले असते. पण त्या आदल्या वर्षीच्या शिबिराचे कार्ड जपून घेऊन आल्या होत्या आणि त्यावर नाडी ७४ लिहिलेली होती. एका वर्षात बावीस ठोके वाढणे हे वय वाढल्यामुळे होत नाही, त्यामागचे कारण शोधावे लागते.

मी काही साधे प्रश्न विचारले. जिना चढताना पूर्वी त्या थांबत नसत, आता दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर थांबतात. पाळी सात-आठ दिवस चालते आणि रक्तस्राव बराच होतो, पण "या वयात होतेच" असे त्यांना घरातल्यांनी सांगितले होते. त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहिली, तर जिथे तांबूस रंग दिसायला हवा, तिथे तो फिका गुलाबी, जवळपास पांढुरका होता. त्यांना महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात रक्ततपासणीसाठी पाठवले. हिमोग्लोबिन ८.४ आले. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले, तर तो रक्तक्षय समजतात.

याचा नाडीशी असलेला संबंध सरळ आहे. ऑक्सिजन वाहून नेण्याचे काम हिमोग्लोबिन करते. ते कमी झाले, की प्रत्येक ठोक्याबरोबर बाहेर पडणाऱ्या रक्तातून अवयवांपर्यंत पोहोचणारा ऑक्सिजनही कमी होतो. शरीराची गरज मात्र तेवढीच राहते, त्यामुळे तेच रक्त अधिक वेळा फिरवावे लागते आणि ठोके वाढतात. या साऱ्यात ऑक्सिमीटर मात्र ९८ च दाखवत राहतो, कारण जेवढे हिमोग्लोबिन उरले आहे त्याचा किती टक्के भाग ऑक्सिजनने भरलेला आहे, एवढेच तो सांगतो. मुळात हिमोग्लोबिन किती आहे, हे त्याला कळत नाही. डॉक्टरांनी वहिनींना लोहाच्या गोळ्या दिल्या आणि अतिरक्तस्रावाच्या तपासणीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६ झाले होते आणि बसल्या जागी मोजलेली नाडी ७८ होती.

नाडी अशी वाढण्याचे कारण नेहमी रक्तक्षयच असते असे नाही. थायरॉइडचे कार्य वाढले, तरी ती विश्रांतीतही जलद राहते आणि सोबत हात थरथरतात, वजन उतरते, उकाडा सहन होत नाही. ताप दर एक अंश सेल्सिअसने चढला, की नाडी सुमारे दहा ठोक्यांनी वाढते. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी कमी प्यायल्याने किंवा जुलाबाने शरीरातील पाणी कमी झाले, तरीही ती वाढते. दम्याचा सालब्युटामॉलचा पंप घेतल्यावर थोडा वेळ तसेच होते. गरोदरपणात ती दहा ते वीस ठोक्यांनी वाढणे हे शरीराचे नैसर्गिक वागणे आहे. म्हणून आकड्याबरोबर तापमान, औषधे आणि इतर त्रास यांची चौकशी करावीच लागते.

मंद नाडीबाबतही हेच लागू पडते. शिबिरात दोघांची नाडी ५२ भरली. त्यांतला एक तरुण, पाम बीच रस्त्यावर सकाळी नियमित लांब पल्ल्याचे धावणारा. अशा सरावाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, शिवाय व्हेगसचा प्रभाव वाढतो, त्यामुळे कमी ठोक्यांत काम भागते. त्याला काहीही त्रास नव्हता आणि त्याच्यासाठी ५२ उत्तम होते. दुसऱ्या होत्या सत्तरीच्या आजी. रक्तदाबासाठी त्या मेटोप्रोलॉल घेत होत्या. हे औषध हृदयाचा वेग कमी करते, तो त्याचा अपेक्षित परिणाम आहे. मात्र आजींना गेल्या काही आठवड्यांपासून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवले. गोळी मनानेच बंद करू नका, हेही बजावून सांगितले, कारण हे औषध एकदम थांबवल्यास नाडी आणि रक्तदाब उसळू शकतात, छातीत दुखणेही सुरू होऊ शकते.

आकड्यापलीकडची एक गोष्ट केवळ बोटांनाच कळते, ती म्हणजे ताल. तरुणांमध्ये श्वास आत घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना मंद होते, ते स्वाभाविक आहे. पण ठोके कसलाही क्रम न ठेवता, कधी लवकर, कधी उशिरा, कधी जोरकस, कधी क्षीण असे येत असतील, तर तो एट्रियल फिब्रिलेशन असू शकतो. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तेथे रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो. यात काही ठोके इतके क्षीण असतात, की ते मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. स्टेथोस्कोपने छातीवर ११० ठोके ऐकू येतात, तर मनगटावर ८८ च लागतात. म्हणजे मनगटावर किंवा यंत्रावर दिसणारा आकडा ६० ते १०० मध्ये असूनही हृदयाचा ताल बिघडलेला असू शकतो. अशी नाडी लागली, तर पंधरा सेकंदांचा हिशेब मुळीच करू नये, पूर्ण मिनिट मोजावे आणि ईसीजी काढून घ्यावा. साठीच्या पुढच्या प्रत्येकाने महिन्यातून एकदा तरी यंत्र बाजूला ठेवून मनगटावर बोटे ठेवावीत, असे मला मनापासून वाटते.

विश्रांतीनंतरही नाडी १०० च्या वर राहत असेल, किंवा स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा पंधरा-वीस ठोक्यांनी वाढून काही दिवस तशीच राहिली असेल, तर आकडे तारखेसह लिहून डॉक्टरांना दाखवावेत. खेळाडू नसलेल्या माणसाची नाडी ५० च्या खाली असल्यास किंवा मंद नाडीसोबत चक्कर येत असल्यास त्याच दिवशी जावे. छातीत दुखणे, दम लागणे, दरदरून घाम येणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही सोबत असेल, तर नाडी मोजत बसू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत रुग्णाला जिना उतरू देऊ नये.