ब्राउझरमधील कुलूप

काही ब्राउझरांच्या अॅड्रेस बारमध्ये पत्त्याच्या डावीकडे दिसणारे कुलूप दोनच गोष्टी सांगते. ब्राउझर आणि वेबसाइटचा सर्व्हर यांच्यातली देवाणघेवाण एनक्रिप्ट होऊन चालली आहे, ही पहिली. पत्त्यात जे डोमेन दिसते, त्याच डोमेनसाठी दिलेले वैध सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल दाखला, सर्व्हरने दाखवले आहे, ही दुसरी. ते डोमेन कोणाचे आहे आणि त्याचा हेतू काय, याबद्दल कुलूप काहीही सांगत नाही.

या दोन गोष्टींचा उपयोग मोठा आहे. त्याच वायफायवर बसलेला माणूस किंवा इंटरनेट पुरवणारी कंपनी यांना टाइप केलेला पासवर्ड वाचता येत नाही, की येणाऱ्या पानात वाटेत फेरफार करता येत नाही. कोणत्या डोमेनला भेट दिली, हे मात्र त्यांना सहसा कळते. शिवाय हे संरक्षण फक्त वाटेपुरते असते. सर्व्हरवर पोहोचलेल्या माहितीचे पुढे काय होते, ती कोणाला विकली जाते का, हे कुलपाच्या कक्षेबाहेरचे आहे.

फसव्या साइटवर कुलूप कसे येते, ते सर्टिफिकेट मिळवण्याच्या पद्धतीवरून कळते. सर्वांत प्रचलित प्रकारात सर्टिफिकेट देणारी संस्था एवढेच तपासते, की अर्जदाराचा त्या डोमेनवर ताबा आहे का. ती एक यादृच्छिक मजकूर देते. अर्जदाराने तो साइटवर `/.well-known/acme-challenge/` या ठिकाणी फाइल म्हणून ठेवायचा किंवा डोमेनच्या डीएनएस नोंदींत घालायचा. तो तिथे सापडला, की सर्टिफिकेट मिळते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने २०१५ च्या अखेरीपासून ही सेवा सर्वांना मोफत दिली आणि वेबचा फार मोठा भाग त्यामुळे एनक्रिप्ट झाला. प्रक्रिया आपोआप होते आणि काही मिनिटांत संपते. फसवणाऱ्याला यात काहीच बनावट करावे लागत नाही. डोमेन त्याने खरोखर विकत घेतलेले असते, म्हणून सर्टिफिकेटही खरेच असते. अशा पानावर कुलपाचा अर्थ इतकाच, की पासवर्ड वाटेत कोणाच्या हाती न लागता थेट त्याच्याकडे पोहोचेल.

समजा, बँकेची खरी साइट `mybank.example` आहे आणि संदेशात ही लिंक आली:

```
https://mybank.example.verify-login.test/account
```

यात बँकेचे पूर्ण नाव आहे, `https://` आहे, उघडल्यावर कुलूपही दिसते. पत्ता वाचताना `https://` नंतरचा पहिला `/` शोधावा आणि तिथून डावीकडे यावे. इथे शेवटचे दोन तुकडे `verify-login.test` असे आहेत, आणि पान त्याच्याच मालकाचे आहे. त्याच्या डावीकडे मालक हवे ते नाव जोडू शकतो आणि त्यासाठीही सर्टिफिकेट घेऊ शकतो. `co.uk` सारखा शेवट असेल, तर दोनऐवजी तीन तुकडे पाहावे लागतात. `https://mybank.example@verify-login.test/` या लिंकमध्ये `@` च्या आधीचा भाग ब्राउझर युजरनेम मानतो, त्यामुळे पान इथेही `verify-login.test` चेच उघडते. मोबाइलवर पत्ता अनेकदा अर्धवट दिसतो, म्हणून त्यावर टॅप करून तो पूर्ण पाहावा.

संस्थेची कायदेशीर ओळख तपासून दिलेली विस्तारित सर्टिफिकेटेही असतात. पूर्वी ती असली की कुलपाशेजारी कंपनीचे नाव दिसे. पण एकाच नावाची कंपनी दुसऱ्या राज्यात वा देशात रीतसर नोंदवता येते. क्रोम आणि फायरफॉक्स यांनी २०१९ मध्ये ते नाव अॅड्रेस बारमधून काढले. कुलपाबद्दलचाही गैरसमज तितकाच पक्का होता. गूगलच्या २०२१ च्या अभ्यासात केवळ ११ टक्के सहभागींना त्याचा नेमका अर्थ सांगता आला. २०२३ मध्ये डेस्कटॉपवरील क्रोमने कुलूप हटवून तिथे सेटिंग्जचे चिन्ह आणले.

कुलपापेक्षा ब्राउझरच्या इशाऱ्यातून अधिक कळते. साध्या `http://` पानावर क्रोम २०१८ पासून ‘Not secure’ दाखवतो. तिथे पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर टाकू नये. सर्टिफिकेटची मुदत संपली किंवा ते दुसऱ्याच डोमेनचे निघाले, तर ब्राउझर पूर्ण पानभर इशारा देतो. कधी कधी त्याचे कारण फक्त उपकरणातली चुकलेली तारीख असते, तेव्हा ती आधी पाहावी. तारीख बरोबर असेल, तर पुढे जाऊ नये.

डोमेन ओळखण्यात पासवर्ड मॅनेजर डोळ्यांपेक्षा भरवशाचा आहे. जतन केलेल्या डोमेनशी जुळणी झाली तरच तो पासवर्ड सुचवतो. एखादे अक्षर बदललेले किंवा दुसऱ्या लिपीतले, हुबेहूब दिसणारे असले, तरी तो गप्प राहतो. नेहमीच्या साइटने लॉगिनचे डोमेन बदलले, तरीही असेच होऊ शकते. अशा वेळी पासवर्ड हाताने न भरता ते पान बंद करावे आणि साइटचा माहीत असलेला पत्ता स्वतः टाइप करून पुन्हा जावे.